काजू कारखान्याचा बारा महिन्यांचा कॅश फ्लो: पैसा कुठल्या महिन्यात आटतो ते आधीच कसं पाहायचं

वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ पट्ट्यातल्या लहान काजू कारखान्याचं गणित विचित्र असतं. बी मिळते मार्च ते मे या अडीच-तीन महिन्यांत, आणि बागायतदार पोतं काट्यावर ठेवतो तेव्हा पैसे तिथल्या तिथे लागतात. काजूगर मात्र वर्षभर विकला जातो, तोही बराचसा उधारीवर. त्यामुळे वर्षाच्या हिशेबात नफा दिसत असतानाच मे महिन्यात मजुरीला पैसे नाहीत, अशी वेळ येते. नफा-तोट्याचा कागद हे सांगत नाही, कारण माल विकल्याचं बिल फाडलं की तो नफा धरतो, पैसे हातात आले की नाही ते पाहत नाही. म्हणून वेगळी शीट करावी लागते. तिच्यात फक्त हातात आलेले आणि हातातून गेलेले पैसे, आणि तेही ज्या महिन्यात हलले त्याच महिन्यात.

खाली एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवलं आहे. हंगामात २० टन बी घेणारा कारखाना, बीचा सरासरी भाव किलोला १५० रुपये, २५ टक्के उतारा, म्हणजे साधारण ५ टन काजूगर. भाव आणि खर्च उदाहरणापुरते धरले आहेत. तुमचे आकडे घातल्यावर शीट तशीच चालेल.

वर्ष एप्रिलपासून सुरू करू नका

पहिली चूक इथेच होते. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणून शीटही एप्रिल ते मार्च केली जाते. मग खरेदीचा हंगाम मधोमध कापला जातो: मार्चची खरेदी शेवटच्या रकान्यात, एप्रिल-मेची पहिल्या दोन रकान्यांत. पैशाची सगळ्यात खोल दरी दोन टोकांना वाटली जाते आणि तिचा आकार कळतच नाही. कर भरायचं वर्ष हिशेबनिसाला पाहू द्या. तुमची शीट फेब्रुवारी ते जानेवारी करा. फेब्रुवारीत जुना माल संपत आलेला असतो, मोठी खरेदी सुरू झालेली नसते, आणि दिवाळीची वसुली बहुतेक आत आलेली असते. वर्षातला सगळ्यात शांत महिना तोच.

शीटची मांडणी

एक्सेल असो वा गुगल शीट्स, मांडणी तीच. दोन पानं करा. पहिल्याचं नाव `Grahit` ठेवा. त्यात बदलू शकणारे चारच आकडे: `B1` मध्ये बीचा भाव (150), `B2` मध्ये जीएसटीचा दर (5%), `B3` मध्ये उधारीच्या बिलापैकी पुढच्याच महिन्यात येणारा वाटा (50%), आणि `B4` मध्ये व्याजाचा वार्षिक दर (11%). भाव बदलला की एका ठिकाणी बदलायचा, बारा रकान्यांत नाही.

दुसऱ्या पानावर A रकान्यात ओळींची नावं. फेब्रुवारी थेट B मध्ये ठेवू नका. B आणि C मध्ये मागचा डिसेंबर आणि मागचा जानेवारी ठेवा, आणि फेब्रुवारी D पासून सुरू करा. फेब्रुवारीत येणारी वसुली ही त्या दोन महिन्यांच्या बिलांची असते. ते दोन रकाने नसले की पहिल्या दोन महिन्यांची जमा शून्याजवळ दिसते आणि शीटवरचा विश्वास उडतो. `C1` मध्ये जानेवारीची पहिली तारीख लिहून `D1` मध्ये `=EDATE(C1,1)` दिलं की पुढचे महिने ओढत नेता येतात.

ओळी अशा: २ उधारीची बिले, ३ बी खरेदी टनांत, ४ सुरुवातीची शिल्लक, ५ रोख विक्री, ६ उधारीची वसुली, ७ एकूण जमा, ८ बी खरेदीचे पैसे, ९ जीएसटी, १० मजुरी-वीज-पॅकिंग, ११ कर्जाचा हप्ता आणि घरखर्च, १२ एकदाच येणारे खर्च, १३ व्याज, १४ एकूण खर्च, १५ अखेरची शिल्लक. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतले आकडे पैसा नाहीत, ते फक्त पुढच्या ओळींना पुरवठा करतात. बेरजेत ते कधीही येता कामा नयेत.

```
D6   =C2*Grahit!$B$3+B2*(1-Grahit!$B$3)
D7   =D5+D6
D8   =D3*1000*Grahit!$B$1
D14  =SUM(D8:D13)
D15  =D4+D7-D14
E4   =D15
E13  =MAX(0,-D15)*Grahit!$B$4/12
```

`D4` मध्ये हाताने लिहायची एकच रक्कम: १ फेब्रुवारीला बँकेत आणि गल्ल्यात मिळून असलेले पैसे. `D13` रिकामं राहील. बाकीची सूत्रं O रकान्यापर्यंत ओढा. व्याजाचं सूत्र मुद्दाम मागच्या महिन्याच्या शिल्लकीवर धरलं आहे. चालू महिन्याच्या शिल्लकीवर धरलं, तर शिल्लक व्याजावर आणि व्याज शिल्लकीवर अवलंबून राहतं, आणि शीट सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करते.

घसारा, दिलेली सूट, मालाचा अखेरचा साठा यांना या शीटमध्ये जागा नाही. पैसा हलला नाही तर ओळ नाही. उलट घरखर्च मात्र हवाच. कारखान्याच्या गल्ल्यातून घरचं सामान येत असेल, तर तो गल्ल्यातला खर्चच आहे.

वसुलीची ओळ: इथेच शीट खरी किंवा खोटी ठरते

व्यापारी ४५ दिवस म्हणतो. तुमच्या मागच्या वर्षीच्या वहीत बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख शेजारी शेजारी मांडा. दहा-बारा बिलं पुरेत. उदाहरणात निम्मे पैसे पुढच्या महिन्यात आणि निम्मे त्यापुढच्या महिन्यात येतात असं धरलं आहे. तुमच्याकडे तिसऱ्या महिन्यात येणारे पैसे जास्त असतील तर अजून एक मागचा रकाना वाढवा. व्यापारी काय बोलला ते शीटमध्ये लिहू नका, वही काय दाखवते ते लिहा.

बिलांचे आकडे (हजार रुपयांत, जीएसटी धरून) असे धरले, शीटमध्ये मात्र ते पूर्ण रुपयांत लिहा: मागचा डिसेंबर १२०, मागचा जानेवारी १००, मग फेब्रुवारी ८०, मार्च ४०, एप्रिल १००, मे १६०, जून १६०, जुलै ३००, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर प्रत्येकी ६००, नोव्हेंबर ३००, डिसेंबर २००, जानेवारी १४०.

हे आकडे मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यातून उचलायचा मोह होतो, पण कोकणात तसं करून चालत नाही, कारण विक्री इंग्रजी महिन्यावर चालत नाही, सणावर चालते. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. चाकरमानी आणि त्यांच्या पिशवीतून मुंबईला जाणारा काजू अडीच आठवडे पुढे सरकला. मागच्या वर्षाचे आकडे तसेच चिकटवले, तर रोखीची सगळ्यात मोठी विक्री ऑगस्टमध्ये दिसेल आणि येईल सप्टेंबरमध्ये. दिवाळीचंही तेच: २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. आधी कालनिर्णय उघडायचं, मग शीट.

भरून झाल्यावर एक पडताळा करा. सुरुवातीची येणी अधिक वर्षभराची बिलं वजा वर्षभराची वसुली, एवढं अखेरच्या येण्यांशी जुळलं पाहिजे. इथे १ फेब्रुवारीला येणं १६० हजार होतं (डिसेंबरच्या बिलाचे उरलेले ६० आणि जानेवारीचे १००). त्यात बिलं ३,२८० मिळवली, वसुली ३,२०० वजा केली, उरले २४०. पुढच्या जानेवारीअखेर खरोखर तेवढंच येणं राहतं: डिसेंबरच्या बिलाचे १०० आणि जानेवारीचे १४०. हे जुळलं नाही तर बहुतेक वेळा एखादं उधारीचं बिल रोख विक्रीतही लिहिलेलं सापडतं.

जीएसटी: नेमक्या कोरड्या महिन्यात येणारा खर्च

शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या काजू बीवर जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याने नव्हे तर घेणाऱ्याने भरायचा असतो. दर ५ टक्के. तो क्रेडिटमधून वळता करता येत नाही, रोखच भरावा लागतो. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं आणि ते काजूगराच्या विक्रीवरच्या करातून वजा होतं. कागदावर हे शून्याला शून्य. पण भरणा पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, आणि क्रेडिट वापरायला विक्री हवी, ती गणपतीच्या आसपास.

आपल्या उदाहरणात मार्चच्या ६ टनांचे ४५ हजार एप्रिलमध्ये, एप्रिलच्या ९ टनांचे ६७,५०० मे महिन्यात, आणि मेच्या ५ टनांचे ३७,५०० जूनमध्ये. मिळून दीड लाख. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत जीएसटीच्या ओळीत शून्य येतं, कारण विक्रीवरचा कर साठलेलं क्रेडिट खाऊन टाकतं. नोव्हेंबरपासून पुन्हा थोडं भरावं लागतं. ही ओळ सूत्राने बांधायच्या भानगडीत पडू नका. क्रेडिटची शिल्लक वेगळ्या कागदावर काढून बारा आकडे हाताने लिहिलेले बरे. रजिस्टर्ड व्यापाऱ्याकडून बी घेत असाल, तर ही ओळ वेगळी येईल, ते तुमच्या कर सल्लागाराकडून ठरवून घ्या.

बारा महिने एकत्र

रोख विक्रीत दुकानावरचा काजूगर, मे महिन्यातले पर्यटक आणि टरफल विकून आलेले पैसे धरले आहेत. मजुरी-वीज-पॅकिंग वर्षाला ५ लाख, हप्ता आणि घरखर्च महिन्याला ४० हजार. एकदाच येणारे खर्च तीन: मे महिन्यात शेडचे पत्रे आणि पावसाळी तयारी ३० हजार, जूनमध्ये मुलांची शाळा २० हजार, ऑक्टोबरअखेर कामगारांचा बोनस ३० हजार. सुरुवातीला हातात ९ लाख. सगळे आकडे हजार रुपयांत, व्याज धरून.

| महिना | जमा | खर्च | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| फेब्रुवारी | १६० | ६७ | ९९३ |
| मार्च | १३० | ९७६ | १४७ |
| एप्रिल | १७० | १,४८५ | −१,१६८ |
| मे | २३० | ९४९ | −१,८८७ |
| जून | २०० | १६० | −१,८४७ |
| जुलै | १९० | १०७ | −१,७६४ |
| ऑगस्ट | ३१० | ११६ | −१,५७० |
| सप्टेंबर | ६४० | १०४ | −१,०३४ |
| ऑक्टोबर | ७२० | १३४ | −४४८ |
| नोव्हेंबर | ७४० | ८९ | २०३ |
| डिसेंबर | ६०० | ९१ | ७१२ |
| जानेवारी | ३२० | ८२ | ९५० |

शीटमध्येच खाली दोन सूत्रं ठेवा, म्हणजे आकडे बदलले की सगळ्यात वाईट महिना आपोआप समोर येईल:

```
=MIN(D15:O15)
=INDEX(D1:O1,MATCH(MIN(D15:O15),D15:O15,0))
```

आता वाचू. वर्षाची सुरुवात ९ लाखांनी, शेवट साडेनऊ लाखांनी, म्हणजे धंदा बुडत नाही. पण एप्रिल ते ऑक्टोबर असे सलग सात महिने शिल्लक शून्याखाली आहे आणि मेअखेर दरी १८.८७ लाखांची आहे. व्याजाच्या ओळीची बेरीज ८९ हजार. व्याज नसतं तर वर्षात १ लाख ३९ हजार वाढले असते, वाढले फक्त ५० हजार. २० टन बी घेऊन वर्षभर राबल्यावर वाढीचा मोठा भाग व्याजात जातो, हे या शीटशिवाय सहसा लक्षात येत नाही.

मार्चअखेरचे १ लाख ४७ हजारही जरा बारकाईने पाहा. हिरवा आकडा, म्हणून निश्चिंत वाटतं. एप्रिलमध्ये साडेतेरा लाखांची बी घ्यायची आहे, म्हणजे दिवसाला सरासरी ४५ हजार. हातातले पैसे ३ ते ४ एप्रिलपर्यंत पुरतील. महिन्याच्या अखेरचा आकडा महिन्याच्या मधली दरी झाकतो. म्हणून मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने आठवड्यांत फोडून वेगळं छोटं पान करणं गरजेचं आहे. बाकीच्या महिन्यांना ते लागत नाही.

बँकेची मर्यादा आणि ऑगस्टचा सापळा

१८.८७ लाखांची दरी दिसली की बहुतेक जण २० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मागतात आणि मिळाली की सुटलो असं समजतात. पण मंजूर मर्यादा वेगळी आणि उचलता येणारी रक्कम, ज्याला बँकेत ड्रॉइंग पॉवर म्हणतात, ती वेगळी. बँक दर महिन्याला साठ्याचं पत्रक मागते आणि साठ्याच्या किमतीतून मार्जिन वजा करून उचल ठरवते. मार्जिन २५ टक्के धरून बघू.

मेअखेर गोदामात साधारण २६.३ लाखांचा माल आहे. त्याच्या ७५ टक्के म्हणजे १९.७ लाख. गरज १८.८७ ची. जेमतेम भागलं. ऑगस्टअखेर मात्र हंगामातला सुमारे ४१ टक्के माल बाहेर गेलेला असतो. उरलेल्या साठ्याची किंमत साडेसतरा लाखांच्या आसपास, उचल १३.२ लाख. शीटमध्ये गरज १५.७ लाखांची. म्हणजे मेमध्ये सुटलेलं खातं गणपतीच्या तोंडावर अडीच लाखांनी अडकतं. गोदाम रिकामं होतंय, पण त्याचे पैसे अजून व्यापाऱ्याकडे आहेत.

यावर उपाय बँकेत अर्ज करतानाच करायचा असतो: उचल ठरवताना येणी बिलंही धरावीत असं मंजुरीपत्रात लिहून घ्या. ऑगस्टअखेर येणी साडेसात लाखांची आहेत. त्यातला निम्मा वाटा जरी धरला, तरी प्रश्न सुटतो. हे पाहायला शीटमध्ये सोळावी ओळ उचलीची आणि सतरावी ओळ `=D15+D16` अशी घाला. सतराव्या ओळीत कुठेही उणे दिसलं, तर त्या महिन्यात मर्यादा असूनही चेक परत येईल. अर्ज जानेवारीतच गेला पाहिजे. पैशाची पहिली तूट ४ एप्रिलच्या सुमारास आहे, आणि मार्चअखेरीस बँकेत कुणाला वेळ नसतो.

आकडे हलवून पाहणं

शीट तयार झाली की दोन प्रश्न विचारून पाहा. पहिला: व्यापाऱ्यांनी ऑगस्टपासूनची बिलं एक महिना उशिरा दिली तर? गंमत अशी की मेच्या दरीला यामुळे काहीच होत नाही, तेव्हा उधारी फारशी नसतेच. झळ बसते ऑक्टोबरला. ६ लाख कमी आल्याने शिल्लक उणे ४.४८ वरून उणे साडेदहा लाखांच्या आसपास जाते आणि नोव्हेंबरही चार लाखांनी उणे राहतो. बोनस द्यायचा तो नेमका याच दिवसांत. म्हणजे वसुलीसाठी फोन करायचे महिने सप्टेंबर आणि ऑक्टोबर. मेमध्ये व्यापाऱ्यामागे लागून हाती फार काही लागत नाही.

दुसरा प्रश्न: बँकेने फक्त १५ लाख दिले तर किती बी घेता येईल? तिसऱ्या ओळीतले टन कमी करत जा आणि `MIN` च्या खान्याकडे पाहा. मेची खरेदी ५ वरून २ टन केली की दरी साडेचार लाखांनी कमी होऊन १४.३७ लाखांवर येते. पण इथे हात आखडायला विसरू नका: ३ टन बी कमी म्हणजे साधारण ७५० किलो काजूगर कमी, म्हणजे पुढच्या महिन्यांची बिलंही त्याच प्रमाणात कमी करायची. खरेदी घटवली आणि विक्री तशीच ठेवली, तर शीट खोटा नफा दाखवते. उतारा धरतानाही तीच काळजी. २५ टक्के हा वाळलेल्या बीचा उतारा आहे. ओली बी वजनावर घेतली असेल, तर वाळवल्यावर जे वजन उरतं त्यावर हिशेब करा.

महिनाअखेरचं काम

दर महिन्याच्या शेवटी त्या महिन्याच्या अंदाजाच्या जागी खरे आकडे लिहा आणि अखेरची शिल्लक पासबुक आणि गल्ल्याच्या बेरजेशी जुळवा. शंभर-दोनशेचा फरक सोडून द्या. हजारांचा असेल तर तो बहुतेक घरखर्चात किंवा आगाऊ दिलेल्या मजुरीत सापडतो. मूळ अंदाज पुसू नका, शीटची प्रत करून ठेवा, नाहीतर आपण कुठे चुकतो ते कधीच कळत नाही. भरलेला महिना मागे पडला की उजवीकडे नवा महिना जोडा, म्हणजे समोर कायम बारा महिने राहतील. नवा ऑगस्ट-सप्टेंबर जोडताना मात्र पुन्हा पंचांग पाहायचं: २०२७ मध्ये चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे मोठी बिलं परत ऑगस्टकडे सरकतील.